उशिराबद्दलची पहिली लेखी ताकीद

‘आपण नेहमी उशिरा येता. आपल्याला कामाची आस्था नाही. यापुढे असे घडल्यास कामावरून काढून टाकण्यात येईल.’ कारखान्यांत असली ताकीदपत्रे सर्रास दिली जातात. यात एकही तारीख नाही. नेहमी म्हणजे किती वेळा, हे कामगाराला कळत नाही आणि दोन वर्षांनी प्रकरण कामगार न्यायालयात गेले तर व्यवस्थापनालाही सांगता येत नाही. आस्थेबद्दलचे वाक्य हे साहेबाचे मत आहे, ते हजेरीपटातून सिद्ध होत नाही. आणि पहिल्याच पत्रात बडतर्फीची धमकी घातली की पुढच्या पायऱ्यांना अर्थच उरत नाही.

१९४६च्या स्थायी आदेश कायद्याखालील आदर्श नियमांत वारंवार उशिरा येणे ही गैरवर्तणूक धरली होती. एखाद्या दिवशीचा उशीर त्यात बसत नव्हता. म्हणून पत्राचा सगळा भार तारखांवर असतो, आणि त्या तारखा लिहिण्याआधी तपासाव्या लागतात.

समजा, पहिली पाळी सकाळी ७ची आहे आणि नियमाने १० मिनिटांची सवलत आहे. मार्चमध्ये एका कामगाराचे पाच लेट मार्क पडले: ४ तारखेला ७.२२, ९ला ७.३५, १३ला ७.१८, २०ला ७.४१ आणि २७ला ७.२६. पंचिंगची नोंद पुढे ठेवून पाहिले, तर १३ तारखेला त्याच मार्गावरच्या आणखी सहा जणांची वेळ ७.१८च्या आसपास दिसते. त्या दिवशी कंपनीची बसच उशिरा पोचली होती. ती तारीख वगळायची. ती राहिली असती तर बाकीच्या चार खऱ्या नोंदींवरही संशय आला असता. त्याच विभागात इतर कोणाचे तितकेच लेट मार्क आहेत का, हेही याच वेळी बघावे. एकाला पत्र आणि दुसऱ्याला नुसता इशारा, हा भेदभाव युनियनच्या प्रतिनिधीच्या लगेच लक्षात येतो, आणि यायलाच हवा.

ताकीद ही शिक्षाच आहे, त्यामुळे आधी त्याचे म्हणणे ऐकायचे. चार तारखा लिहून त्याच्याकडून लेखी खुलासा मागायचा आणि त्यासाठी दोन-तीन दिवस द्यायचे. त्याने लिहिले की पत्नीची पाळी बदलल्यापासून मुलाला पाळणाघरात सोडून यावे लागते आणि ते ७ वाजता उघडते. आता पत्र असे होईल:

‘आपली पाळी सकाळी ७ वाजता सुरू होते. ४, ९, २० व २७ मार्च रोजी आपण अनुक्रमे ७.२२, ७.३५, ७.४१ व ७.२६ वाजता हजर झालात. १० मार्च रोजी पर्यवेक्षकांनी आपल्याशी याबाबत बोलणे केले होते. आपला ३० मार्चचा खुलासा वाचला. मुलाला पाळणाघरात सोडण्याची अडचण लक्षात घेऊन सामान्य पाळीत बदलीसाठी अर्ज करण्याची मुभा आपणास देत आहोत. मात्र पूर्वसूचना न देता झालेला उशीर समर्थनीय नाही. म्हणून ही पहिली लेखी ताकीद देण्यात येत आहे. १ एप्रिल ते ३० जून या काळात आपण वेळेवर हजर राहावे. अपरिहार्य उशीर होणार असल्यास पाळी सुरू होण्यापूर्वी पर्यवेक्षकांना फोनवर कळवावे. या काळात पुन्हा असेच घडल्यास स्थायी आदेशांनुसार पुढील कारवाईचा विचार केला जाईल. या पत्राबाबत काही म्हणणे असल्यास सात दिवसांत लेखी द्यावे.’

पत्रात कामगाराच्या स्वभावाबद्दल अक्षर नाही. त्याने पुढे काय करायचे आणि ते किती दिवस पाहिले जाणार, हे मात्र आहे. मला यातले खुलाशाचे वाक्य सर्वांत मोलाचे वाटते. त्याचे म्हणणे वाचले होते, हे त्याच एका वाक्यावरून दिसते. ‘तीन लेट मार्कला अर्धा दिवस कपात’ ही काही ठिकाणची पद्धत पत्रात आणू नये. वेतनाच्या कायद्याने गैरहजेरीची कपात जितका वेळ माणूस नव्हता तितक्याच वेळेपुरती करता येते.

पत्र कामगाराला समजणाऱ्या भाषेत हवे. देताना पोच घ्यायची, आणि सही म्हणजे फक्त पत्र मिळाल्याची खूण, चूक कबूल केल्याची नव्हे, असे खाली छापलेले असावे. एवढ्याने सहीचा बराचसा वाद मिटतो. तरीही त्याने नाकारले तर ओढाताण करू नये. दोन साक्षीदारांसमोर ‘पत्र देऊ केले, घेण्यास नकार दिला’ असा शेरा तारीख-वेळेसह लिहावा आणि त्याच दिवशी पत्र त्याच्या नोंदीतल्या पत्त्यावर टपालाने पाठवावे. फाइलमध्ये पत्राची प्रत, पंचिंगचा उतारा, १० मार्चच्या बोलण्याची त्याच दिवशी केलेली नोंद आणि त्याचा खुलासा एकत्र लावावा. ती नोंद नंतर मागच्या तारखेने करू नये. उलटतपासणीत ती पहिल्यांदा उघडी पडते.

३० जूनला पुन्हा हजेरी पाहायची. सुधारणा झाली असेल तर तसे दोन ओळींत फाइलवर लिहायचे आणि त्याची प्रत कामगाराला द्यायची. झाली नसेल आणि पुढे मोठी शिक्षा देताना हे पत्र विचारात घ्यायचे असेल, तर ते पुढच्या नोटिशीत स्पष्ट नमूद करावे लागते. पूर्वीच्या शिक्षांचा आधार घ्यायचा असेल तर तसे नोटिशीत सांगून कर्मचाऱ्याला उत्तराची संधी दिली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६३ साली म्हैसूर राज्य विरुद्ध मांचे गौडा या सरकारी कर्मचाऱ्याच्या खटल्यात सांगितले आहे.