कापलेला गाऊन पूर्ण करताना

प्री-वेडिंग शूटमध्ये लांब गाऊनची चलती आहे. जमिनीवर फुललेला घेर आणि मागे पसरलेली ‘ट्रेन’, म्हणजे लोळणारा कापडाचा पट्टा, ही त्या पोशाखाची सारी शान. पण नेमका आवडलेला फोटो अनेकदा गुडघ्याशी कापलेला असतो. फोटोशॉपसारख्या सॉफ्टवेअरमध्ये अशा फोटोचा कॅनव्हास वाढवून उरलेला गाऊन ‘दाखवता’ येतो. `Crop` टूलने चौकटीची कड बाहेर ओढायची, वरच्या पट्टीत `Generative Expand` निवडायचे, की आजूबाजूचे पाहून संगणक रिकामी जागा भरतो. पण कड किती ओढायची, हे आधी आपणच ठरवावे लागते, आणि ते त्याच फोटोवरून काढता येते.

एक उदाहरण घेऊ. फोटो ३००० पिक्सेल रुंद, ४००० उंच. डोके वरच्या कडेपासून ४०० पिक्सेलवर आहे आणि खालची कड बरोबर गुडघ्याशी येते. मुलीची उंची १६० सेंटीमीटर. गुडघा जमिनीपासून साधारण ४५ सेंटीमीटरवर असतो, म्हणजे डोक्यापासून गुडघ्यापर्यंतचे ११५ सेंटीमीटर ३६०० पिक्सेलमध्ये मावले आहेत. एका सेंटीमीटरला सुमारे ३१ पिक्सेल पडले. त्या हिशेबाने पावले आणखी १४०० पिक्सेल खाली येतील. बुटांची टाच उंच असेल तर त्यात तिचीही भर घालायची.

आता घेर. कमरेपासून गुडघ्यापर्यंत गाऊनच्या दोन्ही कडा ज्या तिरकेपणाने उतरतात, त्याच रेषा खाली वाढवायच्या. आपल्या फोटोत त्या जमिनीशी १३० सेंटीमीटरचे अंतर दाखवतात असे धरू. म्हणजे घेरच ४००० पिक्सेल रुंद झाला, मूळ फोटोपेक्षा मोठा! जमिनीवरचा हा गोल कॅमेऱ्याला चपटा दिसतो. कॅमेरा एक मीटर उंचीवर आणि साडेतीन मीटर दूर असेल, तर त्याची दिसणारी खोली रुंदीच्या तीन-दशांश, म्हणजे १२०० पिक्सेल भरते. त्यातले सुमारे ७०० पावलांच्या खाली येतात, कारण जवळची कड लांबच्या कडेपेक्षा मोठी दिसते. एका बाजूला मीटरभर ट्रेन आणि चारी बाजूंनी थोडी मोकळी जमीन धरली, की कॅनव्हास ८००० बाय ६५०० च्या आसपास जातो. उभा फोटो आडवा होतो. नुसतीच खालची कड ओढली तर घेर दोन्ही बाजूंना कापलेलाच राहतो आणि ट्रेनला जागाच उरत नाही.

एवढी मोठी जागा एका दमात भरली तर कापड मऊ, धुरकट येते. या सोयीच्या सुरुवातीच्या आवृत्त्या एका वेळी जेमतेम १०२४ बाय १०२४ पिक्सेलचाच तपशील तयार करत आणि तोच ताणून बसवत. म्हणून आधी फोटो निम्म्या मापाचा करावा. मग पहिल्यांदा खाली, नंतर बाजूंना, अशा टप्प्यांनी वाढवावे. प्रत्येक टप्प्यात जुन्या कापडाचा मोठा भाग शेजारी असू द्यावा, म्हणजे रंग आणि पोत जुळतो.

निकाल तपासताना आधी चुण्या पाहाव्यात. चुण्या कमरेतून सुटून खाली पसरतात. सांध्यावर एखादी चुणी अचानक थांबली किंवा दुसरीकडूनच सुरू झाली, तर तो तुकडा पुन्हा करावा. ट्रेन मागच्या बाजूने निघायला हवी. पुष्कळदा ती बाजूच्या काठाला जोडलेल्या ओढणीसारखी येते. कापड जिथे जमिनीला टेकते तिथे गडद, अरुंद सावली लागते. ती नसेल तर गाऊन तरंगतो. चेहऱ्यावर उजेड डावीकडून असेल, तर घेराची सावलीही उजवीकडेच पडली पाहिजे. फरशीच्या रेषा नव्या भागात मोडल्या तर डोळा लगेच अडखळतो. शेवटी सगळा फोटो मोठा करून पाहावा: मूळ भागात बारीक दाणा असतो, नवा भाग गुळगुळीत असतो. `Add Noise` ने तेवढाच दाणा नव्या भागात घातला की दोन्ही एकजीव दिसतात.

सॅटिन त्यातल्या त्यात सोपे, कारण त्याच्या चुण्या मोठ्या आणि चमक ठळक असते. नेटमधून खालची फरशी दिसावी लागते, तिथे घोटाळा होतो. लेसची नक्षी तर काठाशी वितळल्यासारखी होते.

आणखी एक गोष्ट या हिशेबातूनच कळते. नव्या चौकटीत मूळ फोटोचा वाटा चौथा हिस्साही नाही. बाकीचा गाऊन अंदाजाने रचलेला आहे. घरच्या अल्बममध्ये हे चालेल, पण गाऊन विकणाऱ्याने किंवा भाड्याने देणाऱ्याने असा फोटो जाहिरातीत वापरू नये, कारण गिऱ्हाईक जी ट्रेन पाहून पैसे मोजते, ती ट्रेन शिवलेलीच नसते.

म्हणून संगणकाला कामाला लावण्याआधी फोटोग्राफरकडे त्याच जागेवरून काढलेले बाकीचे फोटो मागावेत. एखाद्यात खरी ट्रेन पूर्ण आलेली असली, तर ती कापून आणून माप जुळवून बसवणे कधीही सरस. शूट अजून व्हायचे असेल तर उपाय त्याहून सोपा आहे. आवडती पोज टिपून झाली, की कॅमेऱ्याची उंची आणि जागा न बदलता तो खाली आणि दोन्ही बाजूंना वळवून जमिनीचे तीन-चार फोटो काढून ठेवायला सांगावे. ते तुकडे जोडून मिळणारा घेर त्याच गाऊनचा असतो.