जुन्या सहकाऱ्याकडे काम मागताना

नोकरी सोडून स्वतंत्रपणे काम सुरू केलं की बहुतेक जण ओळखीच्या सगळ्यांना एकच मेसेज पाठवतात : ‘आता फ्रीलान्स करतोय, काही काम असेल तर नक्की सांग.’ उत्तर येतं, ‘अरे वा, नक्की कळवतो,’ आणि पुढे काहीच घडत नाही. समोरच्याच्या मनात मदत करायची नसते असं नाही. पण कुठलं काम, कोणाकडे, कधी, हे सगळं त्यानेच शोधून काढावं अशी त्या एका ओळीत अपेक्षा असते. मेसेज गळ घातल्यासारखा वाटतो तो या मोघमपणामुळे. भाषा कितीही नम्र ठेवली तरी तो भार कमी होत नाही.

जुनी ओळख मात्र खरोखर कामाची असते. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली प्रसिद्ध केलेला एक अभ्यास याबाबत आजही सांगितला जातो. बॉस्टनजवळच्या न्यूटन गावात ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना त्यांनी विचारलं, की ज्याच्याकडून ही नोकरी कळली त्याला तुम्ही किती वेळा भेटत होता? वारंवार भेटणारे जेमतेम १७ टक्के निघाले. बाकीचे अधूनमधून किंवा क्वचितच भेटणारे होते. जवळच्या मित्रांना साधारण आपल्याइतकंच माहीत असतं, तर दूर गेलेल्या माणसाच्या कानावर वेगळ्या गोष्टी येतात. अभ्यास नोकऱ्यांचा असला तरी हे कारण फ्रीलान्स कामालाही लागू पडतं. दुसऱ्या कंपनीत गेलेला सहकारी तर आपलं काम स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला असतो.

पण तो आपल्यासाठी शब्द टाकतो तेव्हा स्वतःची पत पणाला लावतो. आपण तारीख चुकवली तर साहेब त्यालाच विचारतात, ‘हा कुठून आणलास?’ म्हणून मेसेज लिहिताना डोळ्यांसमोर त्याची ही जोखीम हवी. ती कमी करणारा प्रत्येक तपशील आपल्या विनंतीतलं ओशाळेपण कमी करतो.

एक उदाहरण घेऊ. पुण्यातल्या एका एजन्सीत आठ वर्षं कंपन्यांच्या वार्षिक अहवालांचं लेआउट करणारी एक डिझायनर आता स्वतंत्र झाली आहे. तिच्याबरोबर काम केलेली एक मैत्रीण चाकणच्या कारखानदार कंपनीत जनसंपर्क विभागात आहे. या कामाला हंगाम असतो. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं, बहुतेक कंपन्यांना वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते आणि अहवाल साधारणपणे सभेच्या किमान २१ दिवस आधी भागधारकांना पाठवावा लागतो. लेआउटची धांदल मे ते ऑगस्टमध्ये असते, पण काम कोणाला द्यायचं याची चर्चा त्याच्या बरीच आधी सुरू होते. म्हणून मेसेज फेब्रुवारीत जायला हवा. तो असा लिहिता येईल :

‘अगं, कशी आहेस? चाकणला रुळलीस ना? मी एजन्सी सोडली, आता फक्त वार्षिक अहवालांचं लेआउट करते. आपण त्या केमिकल कंपनीचा अहवाल केला होता, शेवटच्या आठवड्यात ताळेबंदाची पानं बदलली तरी तारीख गाठली होती, तसलंच काम. मे ते ऑगस्टमध्ये दोन अहवाल घेणार आहे. तुमच्याकडे हे कोण बघतं मला माहीत नाही, आणि तुमचं आधीच ठरलं असेल तर काहीच हरकत नाही. कोणी विचारलंच तर खालचा मजकूर तसाच पुढे पाठव.’

आणि त्याखाली वेगळा मेसेज :

‘वार्षिक अहवालाचं लेआउट, मराठी आणि इंग्रजी. आर्थिक तक्त्यांसह छपाईसाठी तयार फाइल. आठ वर्षांचा अनुभव. १२० पानांच्या अहवालाला साधारण पाच आठवडे. नमुने आणि दर मागितल्यास त्याच दिवशी पाठवते.’

यात मैत्रिणीला स्वतःचं काही लिहावं लागत नाही, दुसरा मेसेज फक्त फॉरवर्ड करायचा. केमिकल कंपनीचा उल्लेख जुन्या मैत्रीसाठी केलेला नाही. साहेबांनी विचारलं तर तिला स्वतः पाहिलेला प्रसंग सांगता यावा म्हणून तो आहे. ‘दोन अहवाल’ म्हटल्यामुळे कामाची मर्यादा आणि वेळ दोन्ही कळतात. नकाराची वाटही आधीच मोकळी ठेवली आहे. दर मुद्दाम लिहिलेला नाही, कारण तो फॉरवर्ड झाला की घासाघीस मैत्रिणीच्या गळ्यात पडते आणि ‘तुझी मैत्रीण आहे, कमी करून घे’ हे तिला ऐकावं लागतं.

जुन्या मालकाला लिहिताना गोष्ट बदलते. आपण त्याचे ग्राहक नेऊ ही धास्ती त्याच्या मनात असते. नोकरीच्या करारातली अट आधी वाचून घ्यावी. भारतीय करार कायद्याच्या कलम २७ मुळे नोकरीनंतरची सरसकट व्यवसायबंदी सहसा टिकत नाही, पण गोपनीयतेचं बंधन राहतंच. त्यामुळे नमुने म्हणून कंपन्यांनी स्वतः प्रसिद्ध केलेले अहवालच दाखवावेत, मसुदे कधीच नाहीत. साहेबांना लिहायचं ते त्यांच्या अडचणीबद्दल : ‘सर, जुलैत लेआउटला माणसं कमी पडतात हे मी पाहिलंय. यंदा तशी वेळ आली तर एखादा अहवाल बाहेरून करून देईन. क्लायंटशी बोलणं तुमच्याकडूनच होईल, फाइलही तुमच्याच नावाने जाईल.’ इथे उपकाराचा प्रश्न उरत नाही, कारण त्यांची गरज खरी आहे.

मेसेज लागू पडला की नाही हे उत्तरावरून कळतं. ‘नमुने पाठव’ किंवा ‘मेमध्ये मोकळी आहेस का?’ असा प्रश्न आला तर मजकूर कामाचा ठरला. नुसतं ‘नक्की कळवते’ आलं तर पाठपुरावा एकदाच करावा, तोही नवं काही सांगायचं असेल तेव्हा, जसं की ‘एक अहवाल ठरला, एकाची जागा आहे.’ तिसऱ्यांदा विचारलं की भीड पडते, मग माणूस फोन घेणं टाळू लागतो.

शिफारस झाल्यानंतर मात्र सगळी जबाबदारी आपली. त्या कंपनीला त्याच दिवशी उत्तर द्यायचं आणि मैत्रिणीला दोन वेळा कळवायचं, बोलणं झालं तेव्हा आणि काम ठरलं किंवा फिसकटलं तेव्हा. दर जुळला नाही तर तेही सांगावं, नाहीतर कंपनीत तिला दुसऱ्याच्या तोंडून कळतं आणि ती अडचणीत येते. एक गोष्ट कटाक्षाने टाळावी. त्याच कंपनीत नोकरी करणाऱ्याला कमिशन देऊ करू नये. मालकाच्या पैशातून दिलेल्या कामावर नोकराने घेतलेली टक्केवारी उघडकीस आली तर तिची नोकरी जाऊ शकते. दुसऱ्या फ्रीलान्सरने काम पाठवलं तर टक्केवारी ठरवता येते, पण ती ग्राहकापासून लपवू नये. आतल्या माणसाला द्यायची परतफेड एकच : अहवाल वेळेवर छपाईला जाणं, आणि पुढच्या वर्षी तिने आपलं नाव पुन्हा सांगताना तिला विचार करावा न लागणं.