फोनला बड्स सापडत का नाहीत?

मावशीने डबी माझ्यापुढे ठेवली. "चारदा करून झालं," ती म्हणाली. "शेजारच्यांचा टीव्ही दिसतो, कुणाचं तरी घड्याळ दिसतं, माझे बड्स तेवढे दिसत नाहीत." बड्स तसे तिचे नव्हतेच. मुलाने स्वतःसाठी नवे घेतले आणि जुने आईला दिले. हे मी आधी विचारलं असतं तर अर्धा तास वाचला असता.

ब्लूटूथच्या यादीबद्दल आपला एक गैरसमज असतो. आपल्याला वाटतं, फोन आजूबाजूला नजर टाकतो आणि जे असेल ते सगळं दाखवतो. पण तसं नसतं. फोन "कोण आहे का?" अशी हाक मारतो आणि जे उत्तर देतात त्यांचीच नावं यादीत येतात. बड्स एरवी उत्तर देतच नाहीत. ते अनोळखी फोनला उत्तर देतात ते फक्त पेअरिंग मोडमध्ये असताना, आणि तेही काही मिनिटंच. मग ते पुन्हा गप्प होतात.

पेअरिंग म्हणजे पहिली ओळख. त्या वेळी फोन आणि बड्स मिळून एक गुप्त किल्ली तयार करतात आणि दोघंही ती जपून ठेवतात. पुढच्या वेळी डबी उघडली की बड्स सरळ त्या ओळखीच्या फोनला गाठतात. यादी लागत नाही, परवानगी लागत नाही. रोजच्या वापरात ही मोठी सोय आहे, पण बड्स दुसऱ्याला दिले की तीच अडचण होते.

मावशीकडे नेमकं हेच झालं होतं. मुलाचा फोन आतल्या खोलीत चार्जिंगला होता, ब्लूटूथ चालू. घरगुती ब्लूटूथ साधारण दहा मीटरपर्यंत पोचतं, मधली एखादी भिंतही त्याला फारशी आडवी येत नाही. मावशी बाहेरच्या खोलीत डबी उघडायची, बड्स आतल्या फोनला जाऊन चिकटायचे आणि मुलाला त्याचा पत्ताही नसायचा. एकदा जोडले गेलेले बड्स यादीत कशाला येतील? घरातला लॅपटॉप, टीव्ही किंवा मुलांचा टॅब असला तरी हेच होतं. म्हणून पहिली तपासणी हीच: आधी हे बड्स कशाकशाला जोडले होते ते आठवा आणि त्या सगळ्यांचं ब्लूटूथ बंद करा.

मुलाच्या फोनवरचं ब्लूटूथ बंद केलं, तरी यादीत काही येईना. त्यातही नवल नव्हतं. जुना फोन गेला म्हणून बड्स लगेच नव्याला उत्तर देतील असं नाही. बरेच बड्स तेवढ्यात जुन्याचीच वाट बघत बसतात. त्यांना पेअरिंग मोडमध्ये आपणच न्यावं लागतं. या डबीच्या मागे एक बारीक बटण होतं. दोन्ही बड्स डबीत ठेवले, झाकण उघडं ठेवलं आणि बटण दाबून धरलं. काही सेकंदांत डबीचा पांढरा दिवा भराभर लुकलुकायला लागला. ही खूण महत्त्वाची. दिवा स्थिर असेल किंवा पेटलाच नसेल, तर फोनवर कितीही शोधून उपयोग नाही. ॲपलच्या एअरपॉड्सचंही बऱ्याच मॉडेलांत असंच आहे: मागचं बटण, पांढरा लुकलुकता दिवा, आणि मग ते अँड्रॉइड फोनलाही जोडता येतात. काही बड्सच्या डबीला बटण नसतं. तिथे दोन्ही बड्सवर बोट टेकवून काही सेकंद धरावं लागतं. कुठे किती धरायचं हे प्रत्येक कंपनीचं वेगळं, त्यामुळे खोक्यातला तो घडीचा कागद टाकू नका.

दिवा लुकलुकत असतानाच मावशीच्या फोनवर सेटिंग्जमध्ये Pair new device उघडलं. हे पानही उघडंच राहू द्यावं लागतं. मागे जाऊन दुसरं काही बघायला लागलात तर शोध थांबतो. आता मात्र एकाच नावाच्या दोन ओळी आल्या, एक साधी आणि एक LE अक्षरं लावलेली. कधीकधी अशा दोन ओळी येतात. गाणी आणि कॉल बहुतेक वेळा साध्या ओळीवर चालतात, आधी तीच निवडायची.

जोडले गेले, पण आवाज फक्त डाव्या कानात. बड्स परत डबीत ठेवून बघितले, तर डाव्याचा दिवा लागला, उजव्याचा नाही. म्हणजे उजवा चार्जच होत नव्हता. बडच्या दांडीखाली आणि डबीच्या खळग्यात धातूचे बारीक ठिपके असतात, त्यांच्यातूनच चार्जिंग होतं, आणि बड डबीत आहे की बाहेर हेही बऱ्याचदा त्यांच्यावरूनच कळतं. उजव्याच्या ठिपक्यांवर कानातल्या मळाचा पिवळसर थर होता. कापसाच्या कोरड्या काडीने तो पुसला. आपल्याकडे त्या काडीलाही इअरबडच म्हणतात, त्यामुळे मावशीला "इअरबडने इअरबड पूस" असं सांगावं लागलं. पाणी मात्र लावू नका. नव्याकोऱ्या बड्सचं असं झालं तर याच ठिपक्यांवर बघा: कारखान्यात लावलेली पारदर्शक पट्टी बऱ्याचदा तशीच राहिलेली असते.

पुसल्यावर तासभर चार्ज केलं आणि मग रीसेट. बड्स डबीत ठेवून तेच बटण बराच वेळ, आमच्याकडे पंधरा सेकंद, दाबून धरलं. रीसेट केलं की बड्स जुन्या सगळ्या ओळखी विसरतात आणि डावा-उजवा पुन्हा एकत्र येतात. फोनवरची नोंदही मग काढून टाकावी लागते. नाही तर फोनकडे जुनी किल्ली राहते, बड्सकडे ती नसते, आणि नाव दिसत असूनही जोडणी होत नाही. अँड्रॉइडवर नावाशेजारच्या चक्रातून Forget, आयफोनवर गोलातल्या i मधून Forget This Device. मावशीच्या आणि मुलाच्या, दोन्ही फोनवर हे केलं, आणि मग मावशीच्या फोनला बड्स नव्याने जोडले. दोन्ही कानांत आवाज आला.

एवढं करूनही काही दिसलं नाही, तर दोष बड्सचा की फोनचा हे ठरवायला दुसऱ्या कुणाचा फोन घ्या. दिवा लुकलुकत असताना त्यावर नाव आलं, तर आपला फोन बघायचा: बंद करून चालू करा, आणि कंपनीच्या ॲपमधून शोधत असाल तर ते सोडून सेटिंग्जमधूनच शोधा. अँड्रॉइड १२ पासून ॲपला Nearby devices ही परवानगी लागते, ती नाकारली असेल तर ॲपची यादी रिकामीच राहते. शेवटचा उपाय फोनमधली नेटवर्क सेटिंग्ज रीसेट करण्याचा, पण त्यात वायफायचे पासवर्डही पुसले जाऊ शकतात, ते आधी लिहून ठेवा. आणि रीसेटनंतर एकाही फोनवर नाव येत नसेल, दिवाही लागत नसेल, तर घरी करण्यासारखं काही उरत नाही. वॉरंटी असेल तर दुकान गाठा. बडमधली इवलीशी बॅटरी घरी बदलण्यासारखी नसते.

तुम्ही आपले जुने बड्स कुणाला देणार असाल, तर आधी ते रीसेट करा आणि आपल्या फोनमधून Forget करा. तेवढं केलंत की घेणाऱ्याच्या यादीत ते पहिल्याच फेरीत येतील.