नोकरी गेली, परीक्षेची फी मात्र डॉलरमध्ये

मुंबईतल्या एखाद्या ब्रोकिंग कंपनीत सहा-सात वर्षं काढलेला माणूस बढतीसाठी सीएफए करायचं ठरवतो आणि नेमकी त्याच वर्षी कंपनीत कपात होते. असे प्रसंग नवे नाहीत. गुंतवणूक क्षेत्रात या परीक्षेला मान आहे, आणि तिची फीही त्या मानाचीच आहे. 2025 मध्ये लेव्हल वनसाठी लवकर नाव नोंदवलं तर 990 डॉलर आणि उशीर झाला तर 1,290 डॉलर द्यावे लागत होते. पहिल्यांदा कार्यक्रमात शिरताना 350 डॉलर वेगळे. डॉलर 85 रुपयांचा धरला तर उशिरा जागा झालेल्याला हा हिशेब 1,39,400 रुपयांवर जातो. पगार चालू असताना ही रक्कम जड वाटते. पगार थांबला की ती आवाक्याबाहेरच जाते.

ही परीक्षा घेणाऱ्या अमेरिकेतल्या सीएफए इन्स्टिट्यूटकडे अशा लोकांसाठी ‘अॅक्सेस स्कॉलरशिप’ आहे. ज्यांना पूर्ण फी परवडत नाही त्यांना परीक्षेची नोंदणी बऱ्याच कमी फीत करता येते. ही पूर्ण माफी नव्हे, थोडे पैसे खिशातून घालावेच लागतात. अर्ज ऑनलाइन असतो आणि त्यात आपल्याला मदत का हवी हे सांगावं लागतं. म्हणजे पूर्वी लिफाफ्यात घालून पाठवायचं ते विनंतीपत्र आता एका चौकटीत बसवायचं असतं.

या सगळ्यात पहिली मेख तारखेची आहे. शिष्यवृत्तीचा निकाल येण्याआधी घाईघाईने पूर्ण फी भरून टाकली, तर नंतर फरकाचे पैसे परत मिळत नाहीत. ‘आत्ता जागा अडवून ठेवू, सवलत मिळाली तर बघू’ हा रेल्वेच्या तिकिटाचा हिशेब इथे अंगाशी येतो. दुसरी मेख त्याहून कडू आहे. फी भरून झाली आणि मग नोकरी गेली, तर परीक्षा पुढे ढकलण्याची आपत्कालीन सवलत त्या कारणावर मिळत नाही. ती जवळच्या नातेवाइकाचा मृत्यू, जिवावरचं आजारपण, सक्तीची लष्करी सेवा अशा मोजक्याच कारणांसाठी राखलेली आहे. बेकारी त्या यादीत नाही. म्हणून कंपनीत कपातीची कुजबुज सुरू झाल्यावर कार्ड स्वाइप करण्याआधी शिष्यवृत्तीच्या तारखा पाहिलेल्या बऱ्या.

अर्ज वाचणाऱ्याच्या जागी बसून पाहिलं की पत्रात काय हवं ते आपोआप कळतं. त्याच्यासमोर वेगवेगळ्या देशांतले, वेगवेगळ्या चलनांतले अर्ज असतात. प्रत्येकाची परिस्थिती बिकटच असते. ‘मी अत्यंत हलाखीत आहे’ या वाक्यावरून त्याला काहीच ठरवता येत नाही. त्याला हवं असतं ते असं की नेमकं काय झालं, कधी झालं, हातात किती पैसे आहेत, ते किती दिवस पुरतील आणि सवलत मिळाली तर उरलेली फी हा माणूस खरोखर भरणार का.

आपल्या ब्रोकिंगवाल्याने पहिल्या खेपेला लिहिलेलं पत्र बहुधा असं असतं: लहानपणापासून शेअर बाजाराची आवड, घरची जबाबदारी, अचानक कोसळलेलं संकट आणि शेवटी ‘कृपया सहानुभूतीने विचार व्हावा’. एवढं दीड पान वाचूनही नोकरी कोणत्या महिन्यात गेली हे समजत नाही. तेच पत्र कामाचं करायचं तर मराठीत त्याचा मजकूर साधारण असा होईल:

“मला पुढील फेब्रुवारीची लेव्हल वन परीक्षा द्यायची आहे. अद्याप नोंदणी केलेली नाही आणि कोणतीही फी भरलेली नाही. 14 मार्चला कर्मचारी कपातीत माझी नोकरी गेली. तोवर दरमहा 70,000 रुपये हाती येत होते. भरपाई म्हणून दोन पगारांएवढे 1,40,000 रुपये मिळाले. घरभाडं, किराणा आणि आईची औषधं यांना महिन्याला 46,000 रुपये लागतात, म्हणजे ही रक्कम साधारण तीन महिने पुरेल. पूर्ण फी भरली तर जवळपास सगळीच संपेल. सवलतीची फी मी बचतीतून भरू शकतो. अभ्यासक्रमातले दोन विषय वाचून झाले आहेत. रिलिव्हिंग लेटर आणि शेवटच्या तीन महिन्यांच्या पगारपावत्या मागितल्यास लगेच देईन.”

यात रडगाणं नाही, तरी अडचण पहिल्यापेक्षा जास्त स्पष्ट दिसते. भरपाईचा आकडा स्वतःहून सांगितला आहे, हे महत्त्वाचं. पुष्कळ जण तो लपवतात, कारण दोन पगार मिळाले म्हटल्यावर गरज कमी दिसेल असं त्यांना वाटतं. पण खर्चाशेजारी ठेवला की तोच आकडा गरज सिद्ध करतो. शिवाय मूळ पत्र इंग्रजीत जाणार असल्यामुळे रुपयांच्या रकमेपुढे डॉलरमधली रक्कमही लिहावी. परदेशातल्या वाचणाऱ्याला सत्तर हजार रुपये म्हणजे किती, याचा अंदाज येईलच असं नाही.

लपवाछपवीचा धोका या परीक्षेत अधिकच आहे. सीएफएच्या उमेदवारांना संस्थेची आचारसंहिता लागू होते आणि खोटी माहिती देणं हा तिच्यातला उघड भंग आहे. नोटीस पिरियड चालू असताना ‘मी बेकार आहे’ असं लिहिणं किंवा फ्रीलान्स कामाचं उत्पन्न गाळणं यातून वाचणारे पैसे थोडे असतात, आणि उघडकीला आलं तर पुढे चार्टरवरच गदा येऊ शकते. ‘माझा शेवटचा दिवस 14 मार्च आहे, तोवर पगार चालू राहील’ असं लिहिलं तर बिघडत काहीच नाही.

कागदपत्रं मागितली तरच पाठवावीत, आणि पाठवताना बँक खात्याचा, पॅन व आधारचा क्रमांक झाकावा. रिलिव्हिंग लेटर मिळायला काही कंपन्यांमध्ये फुल अँड फायनल होईपर्यंत वेळ लागतो. तोवर एचआरकडून आलेला कपातीचा ईमेल आणि राजीनामा स्वीकारल्याचं पत्र जपून ठेवावं. बरेचदा कपात झालेल्यांकडून कागदोपत्री राजीनामाच घेतला जातो. तसं असेल तर पत्रात ‘कंपनीच्या सांगण्यावरून राजीनामा दिला’ हे एका वाक्यात लिहावं. नाहीतर कागद आणि पत्र यांचा मेळ बसत नाही.

छापील अर्ज नसलेल्या संस्थांकडे हेच पत्र थोड्या फरकाने जातं. तिथे आधी आपण नेमकी कोणती फी माफ करायला सांगतोय हे ठरवावं लागतं, कारण परीक्षेची फी, वार्षिक वर्गणी आणि नूतनीकरणाची फी यांचे नियम बहुतेक ठिकाणी वेगवेगळे असतात. उदाहरणार्थ, लेखापालांची ब्रिटिश संस्था एसीसीए कमी उत्पन्न असलेल्या सभासदांना वार्षिक वर्गणीत सवलत देते, पण ती मागावी लागते. विषयाच्या ओळीतच सभासद क्रमांक, फीचं नाव आणि देय तारीख आली की पत्र योग्य टेबलावर पोचतं. माफी जमत नसेल तर हप्ते किंवा मुदतवाढ चालेल का, हेही त्याच पत्रात विचारावं. कारकुनाला फी माफ करण्याचा अधिकार नसला तरी तारीख पुढे नेण्याचा असू शकतो.

नकार आला तर पुढच्या फेरीत पुन्हा अर्ज करता येतो, फक्त तेव्हा पत्रातले आकडे त्या दिवसापर्यंतचे करून घ्यावे लागतात. होकार आला तर सवलत ठरलेल्या मुदतीत वापरून नोंदणी करायची असते. मग उरतात अभ्यासाचा खर्च आणि कॅल्क्युलेटर: परीक्षेत टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा बीए टू प्लस किंवा एचपीचा ट्वेल्व्ह सी, या दोनच जाती चालतात, आणि शिष्यवृत्तीत तो धरलेला नसतो.