डोंगर उतरताना बुटात काय घडते?

शाळेची किंवा महाविद्यालयाची सहल डोंगरावर जाणार असली, की निघण्यापूर्वी एक सूचनापत्रक हाती पडते. आमच्या गिरिभ्रमण मंडळाने कळसूबाईच्या सहलीपूर्वी मुलांना पाठविलेले पत्रक माझ्यासमोर आहे. त्यातील पादत्राणांविषयीचा भाग असा :

‘१. बूट नाडीचे, टाच घट्ट धरणारे व खोल खाचांच्या रबरी तळाचे असावेत. ते निदान दोन आठवडे वापरलेले असावेत.
२. मोज्यांचे दोन जोड आणावेत. निव्वळ सुती मोजे नकोत.
३. चपला, गुळगुळीत तळाचे बूट, कोरे बूट आणि अनेक वर्षे कपाटात पडून असलेले बूट आणू नयेत.
४. निघण्याच्या चार दिवस आधी, सायंकाळी, मोजे व बूट घालून आणि पाठीवर भरलेली पिशवी घेऊन जिना व उतार उतरून पाहावा. बोटे बुटाच्या टोकाला लागत असतील तर आम्हांस कळवावे.’

पत्रक वाचून एका मुलाने मला विचारले, “सर, बूट दुकानात चालून पाहूनच घेतले होते. मग पुन्हा सायंकाळी आणि तेही उतारावरच कशासाठी?” प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर तुमच्या पाठ्यपुस्तकातल्या घर्षणाच्या धड्यात आहे.

बूट घालून चालताना घर्षण एका नव्हे, दोन ठिकाणी काम करते. पहिली जागा म्हणजे बुटाचा तळ आणि जमीन. दुसरी जागा बुटाच्या आत, पाय आणि बूट यांच्यामध्ये. आपण सहसा पहिलीचाच विचार करतो. डोंगरावर त्रास होतो तो बहुतेक वेळा दुसरीमुळे.

आधी पहिली जागा पाहू. हा प्रयोग घरी करता येईल. एक रुंद फळी घ्या. तिच्यावर बूट ठेवून त्यात एखादे वजन ठेवा. आता फळीचे एक टोक हळूहळू उचला. बूट घसरू लागेल त्या क्षणी फळी थांबवा आणि उचललेल्या टोकाची उंची व फळीखालच्या पायाची आडवी लांबी मोजा. उंचीला पायाने भागले की बूट व फळी यांच्यातील घर्षणांक मिळतो. समजा पाया १०० सेंटीमीटर व उंची ८० सेंटीमीटर आली, तर घर्षणांक ०.८ झाला. म्हणजे तशा पृष्ठभागावर सुमारे ३९ अंशांच्या उतारापर्यंत बूट धरून राहील. आता फळी ओली करून त्यावर थोडा चिखल फासा व पुन्हा मोजा. उंची समजा ४० सेंटीमीटरच भरली, तर घर्षणांक ०.४ झाला आणि मर्यादा सुमारे २२ अंशांवर आली. यात बुटाचे वजन कोठेच आले नाही, हे ध्यानात घ्या.

हाच प्रयोग जुन्या, झिजून गुळगुळीत झालेल्या बुटावर केला, की पत्रकातील तिसऱ्या सूचनेचा अर्थ कळतो. कोरड्या फळीवर दोन्ही बुटांत फारसा फरक दिसणार नाही. ओल्या फळीवर मात्र दिसेल. तळाच्या खाचांतून पाणी व चिखल बाजूला सरकतो आणि रबर खडकाला टेकते. खाचा नसतील तर पाण्याचा पातळ थर मध्येच अडकून राहतो. मऊ रबर खडकाच्या बारीक उंचसखलपणात रुतते, टणक प्लॅस्टिक रुतत नाही. म्हणून प्लॅस्टिकच्या तळाला खाचा असूनही तो ओल्या खडकावर घसरतो. पण याला एक मर्यादा आहे. पावसाळ्यात आपल्या काळ्या कातळावर शेवाळाचा बुळबुळीत थर चढतो. त्यावर कोणताच तळ भरवशाचा नाही. तेथे वाट बदलणे हाच उपाय.

आता दुसऱ्या जागेकडे वळू. कळसूबाईची उंची १६४६ मीटर आहे. अकोले तालुक्यातील बारी गावातून निघालो की आठ-नऊशे मीटर चढावे लागते आणि अर्थातच तितकेच उतरावे लागते. समजा तुमचे वजन ५० किलोग्रॅम व पाठीवरची पिशवी ५ किलोग्रॅमची आहे. एकूण ५५ किलोग्रॅम, म्हणजे सुमारे ५४० न्यूटन बल. तुम्ही ३० अंशांच्या उतारावर एका पायावर उभे आहात. या बलाचे दोन घटक करा : एक जमिनीत दाबणारा, दुसरा उताराच्या दिशेने खाली ओढणारा. ३० अंशांना हा दुसरा घटक एकूण बलाच्या बरोबर निम्मा, म्हणजे २७० न्यूटन असतो. साधारण २७ किलोग्रॅमचे ओझे ओढावे एवढे हे बल तुमचा पाय बुटाच्या पुढच्या टोकाकडे ढकलत असते.

बूट जमिनीला धरून आहे, पण पायाला बुटात कोण धरणार? थोडे काम मोजा व बुटाचा आतला तळ यांच्यातील घर्षण करते. उरलेले काम नाडीचे. पायाच्या वरच्या बाजूवर, घोट्यापुढच्या वाकणाशी नाडी घट्ट असेल तर पाय मागच्या मागे अडकून राहतो. ती सैल असेल तर पाय पुढे सरकतो व बोटे बुटाच्या टोकावर आदळतात. दर पावलाला आपण १५ सेंटीमीटर उतरतो असे धरले, तर ९०० मीटर उतरायला ६००० पावले, म्हणजे प्रत्येक पायाची ३०००. पायऱ्यांवर आणि शिड्यांवर पाय आडवा टेकतो, त्यामुळे तेथे हा त्रास कमी. पण उरलेल्या वाटेवर हजार वेळा नखावर बसलेला ठोसा पुरेसा असतो. नखाखाली रक्त साकळते आणि नख काळे पडते. चढताना उलट घडते, पाय टाचेकडे सरकतो. म्हणून दुकानातल्या सपाट फरशीवर किंवा चढावर हा दोष कळतच नाही. उतारावर उतरून पाहा, असे पत्रक सांगते ते यासाठी.

टाचेला येणाऱ्या फोडाचे कारण थोडे वेगळे आहे. एका हाताचे बोट दुसऱ्या हाताच्या पाठीवर दाबून ठेवा आणि घसरू न देता पुढेमागे हलवा. कातडी बोटाबरोबर हलते, आतले हाड मात्र जागीच राहते. मधले थर ताणले जातात. बुटात हेच उलट घडते : कातडी मोज्याला चिकटून राहते आणि आतले टाचेचे हाड दर पावलाला वरखाली होते. हजारो वेळा ताण बसला की कातडीच्या आतल्या थरांत चीर पडते व तिच्यात पाणी भरते. तो फोड. म्हणजे फोड नुसत्या वरून घासण्याने येत नाही, तर कातडी जास्त घट्ट धरली गेल्याने येतो.

येथे घामाचा संबंध पोचतो. वहीचे पान उलटताना बोट ओले करतात, कारण किंचित ओल्या कातडीचे घर्षण कोरड्या कातडीपेक्षा जास्त असते. सुती मोजा घाम शोषतो व तो कातडीला लावूनच ठेवतो. लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा मोजा त्या मानाने बरा. कोणी आत पातळ व वर जाड असे दोन मोजे घालतात. मग जी काही घसरण व्हायची ती दोन मोज्यांमध्ये होते आणि कातडी वाचते. टाच गरम वाटू लागली, की फोड येण्यापूर्वीची ती खूण समजा. तेथेच थांबून मोजा सारखा करा व त्या जागी चिकटपट्टी लावा.

बारी गावची माणसे याच वाटेने चपला घालून किंवा अनवाणी सहज जातात, मग आम्हालाच हे सगळे कशाला, असे तुम्ही विचाराल. अनवाणी पायाला दुसरी जागाच नसते. घर्षण फक्त पाय आणि खडक यांच्यात. शिवाय वर्षानुवर्षांच्या चालण्याने त्यांच्या तळव्याची कातडी जाड झालेली असते. ती दोन आठवड्यांत मिळत नाही.

आता ‘कपाटात पडून असलेले बूट’. या सूचनेला कारण मी स्वतः आहे. सहा वर्षे न वापरलेले, दिसायला कोरे करकरीत बूट घालून मी गेलो. शिखराखालच्या लोखंडी शिडीशी एका बुटाचा तळ जिभेसारखा लोंबू लागला. अर्ध्या तासात दुसऱ्याचाही. सुतळीने बांधून, दोन विद्यार्थ्यांच्या आधाराने मी खाली आलो. एरवी दोन-अडीच तासांत जे उतरलो असतो त्याला अंधार पडला. माझ्यामुळे चाळीस मुले अंधारात उतरली, ही गोष्ट मला पायांपेक्षा जास्त लागली.

नंतर बूट पाहिले तर डिंक सुटलेला नव्हता. तळ आणि वरचा भाग यांच्यामधला स्पंजासारखा थरच भुगा झाला होता. अनेक बुटांत हा थर पॉलियुरेथेनचा असतो. हवेतील बाष्प या पदार्थाच्या लांब रेणुसाखळ्या हळूहळू तोडते. याला जलीय अपघटन म्हणतात. आपल्या उष्ण व दमट हवेत ते लवकर होते आणि बूट न वापरता ठेवला तरी चालूच राहते. म्हणून असा बूट पुन्हा चिकटवून उपयोग नसतो; डिंक भुग्याला काय धरणार? ओळखण्याची रीत सोपी आहे. बूट दोन्ही हातांनी वाकवा व बाजूने दिसणारा मधला थर नखाने दाबा. भेगा दिसल्या, कण सुटले किंवा थर चिकट लागला, तर तो बूट डोंगरावर नेऊ नका.

आता चौथ्या सूचनेप्रमाणे तपासणी कशी करायची ते क्रमाने पाहू. दिवसभराच्या वावराने पाय थोडे सुजतात व सहलीतही सुजणारच, म्हणून वेळ सायंकाळची. नखे कापलेली असावीत. सहलीचेच मोजे घाला. नाडी न बांधता पाय पुढे सारून बोटे टोकाला टेकवा. टाचेमागे एक बोट शिरेल इतकी जागा हवी. मग टाच जमिनीवर आपटून पाय मागे बसवा आणि नाडी बांधा. घोट्यापुढच्या वाकणाशी नाडीला एकाऐवजी दोन वेढे द्या. खांबाला दोर गुंडाळला की तो थोड्या जोराने धरता येतो, तसाच हा वेढा घर्षणाने नाडी सैल होऊ देत नाही.

आता पिशवी पाठीवर घेऊन इमारतीच्या वाहनतळाचा उतार किंवा नदीघाटाचा उतार दहा वेळा उतरा, मध्ये पाय जोराने रोवा. बोटे टोकाला लागली तर आधी नाडी पुन्हा बांधून पाहा. तरीही लागली तर बूट आखूड आहे. मग जिना चढा. टाच किंचित उचलली तर हरकत नाही, पण दर पावलाला सुटून वर येत असेल तर फोड ठरलेलाच. बोटे मुंग्या आल्यासारखी झाली तर नाडी फार आवळली आहे किंवा बूट अरुंद आहे. शेवटी बूट काढून पायावर लाल डाग पडले आहेत का ते पाहा. जेथे डाग, तेथेच उद्याचा फोड.

आणि हे सारे चार दिवस आधी का, आदल्या रात्री का नाही? बूट बदलायचा, मागून घ्यायचा किंवा वापरून मऊ करायचा, तर तेवढे दिवस हाताशी हवेत. आदल्या रात्री दोष कळला, तर माणूस तोच बूट घालून निघतो. मी तसाच निघालो होतो.