पुढचा डोस द्यायचा की थांबवायचा? प्री-एक्लॅम्प्सिया आणि मॅगसल्फचा तक्ता

आजचा भाग नर्सिंगच्या मुलामुलींसाठी आहे. मॅटर्निटीच्या असाइनमेंटमध्ये 'प्री-एक्लॅम्प्सियाच्या रुग्णाचं मूल्यमापन आणि मॅग्नेशियम सल्फेटची देखरेख' हा विषय आला, की व्याख्या, कारणं, लक्षणं सगळे लिहितात. पण साडेसात वाजता हातात सिरिंज धरून उभं असताना डोस द्यायचा की नाही, हे कशावरून ठरवायचं, ते फार कमी जण नीट लिहितात. मी तेवढंच घेणार आहे. ऐकायला वेळ नसेल त्यांच्यासाठी हा लिहिलेला भाग.

मी बोलतोय देऊळगाव राजातून. आमच्या तालुक्याची गंमत अशी, की जिल्हा बुलढाणा, पण जवळचं मोठं शहर जालना. म्हणजे गावातल्या उपकेंद्रात बीपी वाढलेली सापडलेली बाई आधी ग्रामीण रुग्णालयात येते, आणि तिथून पुढे बुलढाण्याला नाहीतर जालन्याला जाते. एकाच बाईची काळजी दोन-तीन ठिकाणच्या सिस्टर घेतात. म्हणून इथे मॅगसल्फचा प्रश्न औषधाचा असतो तितकाच चिठ्ठीचाही असतो. कसा, ते पुढे येईलच.

आधी बाई तपासू

एक उदाहरण घेऊ. रुग्ण काल्पनिक आहे, पण आकडे रोज दिसतात तसेच आहेत. २२ वर्षांची, पहिलटकरीण, ३६ आठवडे. दुपारी ३ वाजता उपकेंद्रात आली. म्हणते, "सिस्टर, सकाळपासून डोकं ठणकतंय, गोळी घेतली तरी जाईना. डोळ्यापुढे चमकल्यासारखं होतंय."

बीपी कशी घ्यायची, इथूनच मार्क सुरू होतात. बाई पाच मिनिटं शांत बसलेली हवी, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात हृदयाच्या पातळीवर. कफ दंडाला बसेल असा हवा, कारण जाड दंडाला लहान कफ लावला की बीपी खोटी जास्त येते. आणि बाई कुशीवर झोपलेली असताना वरच्या हातावर घेतली, की खोटी कमी येते. ही दुसरी चूक जास्त धोक्याची, कारण तिने बाई घरी परत जाते.

हिची बीपी आली १६४/११२. पंधरा मिनिटांनी परत घेतली, १६२/११०. वीस आठवड्यांनंतर १४०/९० किंवा जास्त बीपी चार तासांच्या अंतराने दोनदा आली तर ती वाढलेली धरतात. पण १६०/११० च्या पुढे गेली, की चार तास थांबायचं नाही. पंधरा मिनिटांत खात्री करायची आणि हालचाल करायची.

लघवीत प्रोटीन ३ प्लस. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा: प्रोटीन नाही म्हणून प्री-एक्लॅम्प्सिया नाही, असं नसतं. वाढलेल्या बीपीसोबत प्लेटलेट कमी झाल्या, लिव्हर किंवा किडनी बिघडली, फुफ्फुसात पाणी झालं, किंवा न थांबणारी डोकेदुखी आणि नजरेचा त्रास असला, तरी निदान होतं. म्हणून बाईला तीन प्रश्न विचारायचेच: डोकं दुखतं का, धूसर दिसतं का, आणि छातीच्या खाली, पोटाच्या वरच्या भागात दुखतं का. तिसऱ्या प्रश्नाला बाया 'ॲसिडिटी झालीय' असं उत्तर देतात. ते ॲसिडिटी म्हणून सोडायचं नाही. ते सुजलेलं लिव्हर असू शकतं.

आणि अजून एक, औषधाआधीच करायचं काम: गुडघ्याचा नी जर्क बघून लिहून ठेवायचा. या आजारात तो बहुतेकदा नेहमीपेक्षा जोरात येतो. आधी कसा होता हेच माहीत नसेल, तर नंतर कमी झाला हे कळणार कसं?

मॅगसल्फ कशासाठी

असाइनमेंटमधली सगळ्यात कॉमन चूक: 'बीपी कमी करण्यासाठी मॅग्नेशियम सल्फेट दिले.' नाही! मॅगसल्फ झटके येऊ नयेत म्हणून, आणि आलेले परत येऊ नयेत म्हणून देतात. बीपीसाठी लॅबेटालॉल किंवा निफेडिपिन वेगळं लागतं. दोन्ही कामं वेगळी लिहा. २००२ साली छापून आलेल्या मॅगपाय ट्रायलमध्ये दहा हजारांहून जास्त बायका होत्या, आणि मॅगसल्फने झटक्यांचा धोका साधारण निम्मा झाला.

आपल्याकडे मिळणारा ॲम्प्युल बहुतेक ५० टक्क्यांचा, २ मिलीचा असतो. म्हणजे एका ॲम्प्युलमध्ये १ ग्रॅम. तरीही लेबल वाचायचं, कारण टक्केवारी बदलली की हिशोब बदलतो. पुस्तकात येते ती प्रिचर्ड पद्धत अशी: शिरेतून ४ ग्रॅम सावकाश, सोबत दोन्ही कुल्ल्यांत ५-५ ग्रॅम खोल, आणि मग दर चार तासांनी ५ ग्रॅम, आलटून पालटून एकेका बाजूला. शिरेतून देताना ५० टक्क्यांचं सरळ सोडायचं नाही. ८ मिली औषधात १२ मिली सलाईन मिसळून २० मिली करायचं, म्हणजे ते २० टक्क्यांचं होतं. सोलापूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. सुमन सरदेसाई आणि सहकाऱ्यांनी भारतीय बायकांचं कमी वजन धरून कमी डोसची पद्धतही मांडली होती. म्हणून तुमच्या वॉर्डात कोणती पद्धत चालते ते विचारून तीच लिहा.

उपकेंद्रातल्या सिस्टरला मात्र शिरेतून द्यायची गरज नाही. पुढे पाठवण्याआधी पहिला डोस म्हणून १० ग्रॅम, म्हणजे दहा ॲम्प्युल, दोन्ही कुल्ल्यांत अर्धे अर्धे खोल द्यायची मुभा आहे. देण्याआधी सांगायचं, "ताई, अंगात गरम वाटेल, इंजेक्शन दुखेल, घाबरू नका."

चिठ्ठीवर काय हवं

आपल्या बाईला साडेतीन वाजता १० ग्रॅम मिळाले आणि १०८ निघाली. आता चिठ्ठीवर नुसतं 'मॅगसल्फ दिले' असं लिहिलं तर? पुढच्या ठिकाणी किती, कुठे, कधी हे कळत नाही. मग एक तर पूर्ण लोडिंग परत दिलं जातं, नाहीतर 'दिलंय ना' म्हणून पुढचा डोस राहून जातो. पहिल्यात श्वास थांबायचा धोका, दुसऱ्यात झटक्यांचा. म्हणून ओळ अशी हवी: 'मॅगसल्फ १० ग्रॅम, ५ ग्रॅम उजवीकडे, ५ ग्रॅम डावीकडे, दुपारी ३.३०. देण्याआधी नी जर्क जोरात, श्वास २०.'

तासाचा तक्ता

बाई ५ वाजता मोठ्या रुग्णालयात पोचली. डॉक्टरांनी चिठ्ठी पाहिली, लोडिंग परत न देता पुढचा ५ ग्रॅमचा डोस साडेसातला ठरवला. प्रत्येक डोसआधी तीन गोष्टी बघायच्या: नी जर्क येतो का, श्वास मिनिटाला १६ किंवा जास्त आहे का, आणि लघवी तासाला किमान ३० मिली, म्हणजे चार तासांत किमान १२० मिली आहे का.

या तीनच का? मॅग्नेशियम शरीराबाहेर जातं ते किडनीतून. लघवी कमी झाली, की नेहमीचा डोसही साचत जातो. साचलं, की आधी नी जर्क जातो. अजून वाढलं, की श्वास मंदावतो, आणि शेवटी हृदय. म्हणजे लघवी कारण सांगते, नी जर्क पहिला इशारा देतो, आणि श्वास सांगतो की उशीर झालाय.

आता आपल्या बाईचे आकडे बघा. पाच वाजता कॅथेटर टाकला, तेव्हा ९० मिली निघाली. सहाला ४० मिली, श्वास २०, नी जर्क चांगला. सातला २२ मिली, श्वास १८, नी जर्क मंद. साडेसातला ८ मिली, श्वास १६, नी जर्क नाही.

घाईत बेरीज केली तर १६० मिली होते. १२० च्या वर, श्वासही १६, द्या डोस! पण थांबा. पहिले ९० मिली किती तासांत साठले होते, कुणाला माहीत? ते मोजायचे नाहीत. उरले अडीच तासांत ७० मिली, म्हणजे तासाला २८. आणि आकडा दर वेळी खाली येतोय. वर नी जर्क गेलाय. श्वास ठीक दिसतोय, कारण श्वासाची पाळी नंतर येते.

मग सिस्टरने काय करायचं? डोस थांबवायचा आणि लगेच डॉक्टरांना कळवायचं, तिन्ही आकडे सांगून. कॅथेटर दुमडलाय का बघायचं. बाईजवळ थांबून श्वास आणि ऑक्सिजन दर पंधरा मिनिटांनी बघायचा. कॅल्शियम ग्लुकोनेट १० टक्के, १० मिली म्हणजे १ ग्रॅम, उशाशी तयार ठेवायचं. श्वास मंदावला किंवा थांबला तर तो उतारा आहे. डॉक्टरांच्या सांगण्याने शिरेतून सावकाश देतात, आणि श्वास बंद असेल तर त्याआधी अँबू बॅगने श्वास द्यायचा. एक गोष्ट आपल्या मनाने करायची नाही: लघवी वाढावी म्हणून सलाईन जोरात सोडणं. या बायकांच्या फुफ्फुसात पाणी पटकन होतं.

साडेआठला लघवी ३४ मिली, नी जर्क परत आला, श्वास १८. आता पुढचा डोस कधी आणि किती, ते डॉक्टर ठरवतील. थांबवलेला डोस म्हणजे औषध बंद नाही. झटक्यांचा धोका तसाच आहे, आणि डिलिव्हरीनंतरही राहतो. म्हणून मॅगसल्फ डिलिव्हरीनंतर किंवा शेवटच्या झटक्यानंतर, जे उशिरा असेल त्यापुढे २४ तास चालतं.

दोन बारीक गोष्टी. सिझरसाठी पाठीत इंजेक्शन दिलं असेल तर पाय बधिर असतात, नी जर्क येणारच नाही. तेव्हा कोपराजवळचा बायसेप्सचा जर्क बघायचा. आणि मॅगसल्फमुळे बाई थोडी सुस्त वाटते. पण हाक मारली तरी नीट बोलत नाही, जीभ अडखळते, तर 'दमलीय, झोपू दे' म्हणायचं नाही. तिन्ही गोष्टी परत तपासायच्या.

असाइनमेंटमध्ये हे लिहिताना 'श्वास, रिफ्लेक्स व लघवीची देखरेख केली' एवढ्यावर सोडू नका. वेळ, आकडा, निर्णय, कुणाला कळवलं, अशा चार रकान्यांचा तक्ता काढा. तोंडी परीक्षेत मॅडम 'मग डोस दिला का?' असं विचारतील, तेव्हा त्या तक्त्यावर बोट ठेवून उत्तर देता येतं.

आजचं एवढंच. पुढच्या भागात रस्त्यात, गाडीतच झटका आला तर पहिल्या पाच मिनिटांत काय करायचं, ते बोलू.