बारीक बाळ आणि नाळेतला प्रवाह

सातारा-सांगली पट्ट्यातल्या बाळंतपणांचा गेल्या तीसेक वर्षांचा मागोवा घेताना मला सर्वांत मोठा बदल दिसतो, तो ‘बाळ बारीक आहे’ असं कळल्यावर पुढं काय करायचं यात. पूर्वी पोटावर टेप लावायची, सोनोग्राफीत वजनाचा अंदाज घ्यायचा आणि तिथंच अडायचं. आपल्याकडच्या अनेक आया मुळात लहान चणीच्या. पुण्याजवळच्या सहा गावांत डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटानं १९९३ पासून केलेल्या अभ्यासात बाळांचं सरासरी जन्मवजन २.७ किलोच्या आसपास होतं. मग सव्वादोन किलोचं बाळ आईच्या चणीवर गेलेलं की उपाशी, हे वजन कसं सांगणार?

उत्तर नाळेच्या रोहिणीत होतं. १९७७ मध्ये डब्लिनच्या फिट्झजेराल्ड आणि ड्रम यांनी तिथला प्रवाह डॉप्लरनं टिपला. बाळाचं हृदय दोन ठोक्यांच्या मध्ये विसावतं, तेव्हाही निरोगी वारेत रक्त पुढं जातच राहतं. वारेतल्या बारीक वाहिन्या मोठ्या प्रमाणात निकामी झाल्या की अडथळा वाढतो, विसाव्यातला प्रवाह घटतो, मग थांबतो, शेवटी उलटा फिरतो.

दोघींची उदाहरणं घेऊ. पहिली ३४ आठवड्यांची, तारीख सुरुवातीच्या सोनोग्राफीनं पक्की. वजन १.८ किलो, प्रवाह उत्तम. दोन आठवड्यांत बाळ साडेतीनशे ग्रॅम वाढलं. ३९व्या आठवड्यात अडीच किलोचं जन्मलं. दुसरी ऊसतोडीला आलेली. पाळीची तारीख आठवत नाही. डोक्याच्या मापानं ३१ आठवडे, पोटाचा घेर फारच मागे, वजन १.१ किलो, रक्तदाब १५०/१००. विसाव्यातला प्रवाह शून्य. तारीख चुकली म्हणून बाळ लहान दिसेल, पण या काळात प्रवाह शून्य होणार नाही. त्यामुळं संशय उरला नाही. फुप्फुसांसाठी स्टिरॉइडची इंजेक्शनं दिली आणि नवजात अतिदक्षता कक्ष असलेल्या ठिकाणी हलवलं. तिथं रोज ठोक्यांचा आलेख काढला, तो बिघडताच सिझेरियन केलं. बाळ जगलं.

मात्र मोजणारा हात चुकला तर निदानही चुकतं. बाळ श्वासाच्या हालचाली करत असताना आलेख घेऊ नये. यंत्राचा वॉल फिल्टर चढा असेल तर मंद प्रवाह पुसला जातो आणि ठीक असलेलं बाळ संकटात दिसतं. म्हणून शून्य दिसलं की आधी फिल्टर उतरवून, नाळेच्या मोकळ्या वेढ्यावर पुन्हा मोजायचं.

उलट चूक अधिक घातक वाटते मला. ३२ आठवड्यांनंतर सुरू होणाऱ्या खुरटीत नाळेचा प्रवाह नॉर्मल राहूनही बाळ गुदमरत असू शकतं. तेव्हा मेंदूतल्या मधल्या रोहिणीचा प्रवाह पाहावा लागतो. प्राणवायू कमी पडल्यानं बाळ मेंदूकडं जास्त रक्त वळवत असेल, तर तिथला अडथळा कमी झालेला दिसतो. अशा बाईला ‘डॉप्लर चांगला आहे’ म्हणून महिनाभरानं बोलावणं योग्य नाही.